शेवटच्या कप्प्यातलं कार्ड

कार्ड्याने वर्गासमोर भाषण ठोकलं ते कुणी न विचारता नव्हे. मेडिकल कॉलेजातल्या फिजिऑलॉजीच्या मॅडमनी स्वतः त्याला फळ्यापाशी उभं केलं होतं. चाचणीत तो पहिला आला होता आणि मॅडमना, सगळ्या शिक्षकांना असते तशी, वर्गाला लाजवायची हौस होती. "सांग यांना तू कसा अभ्यास करतोस," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून चहा प्यायल्या.

कार्ड्याने बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं. आत पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या लावून पाच कप्पे केलेले. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, ते रोज बघायचं. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, एक दिवसाआड. मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, आणि शेवटचा कप्पा महिन्याने. चुकलं की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात, दयामाया नाही.

"पुस्तक परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं," कार्ड्या म्हणाला. "ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. समोरून येणारा माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो, पण नाव विचारलं की ततपप होतं. म्हणून आधी तोंडाने उत्तर द्यायचं, मग कार्ड उलटायचं. विसरायला लागतो तेवढ्यात मेंदूला आठवायला लावायचं. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं खोकं उपसून बसायचं नाही. शेवटच्या कप्प्यातलं पक्कं झालेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. विश्वास ठेवायचा."

विश्वास हा शब्द त्याने फळ्यावर लिहिला, खाली रेघ मारली. आज तो शब्द आठवला की त्याला फळ्यामागे लपावंसं वाटतं.

त्या दुपारी झेरॉक्सवाल्याची चांदी झाली. कार्ड्याची किडनीची अख्खी गड्डी अर्ध्या वर्गाने काढून घेतली, कापली, खोक्यांत भरली. त्यात त्याचा रूममेट पहिला. तो वर्गातल्यांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, एकदा याच विषयात गचकलेला, म्हणून सगळे त्याला काका म्हणत. काकाला आता शेवटची संधी होती. हुकली की घरी परत, वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात. वडील रागावत नसत, हीच काकाची अडचण होती. फोनवर ते म्हणायचे, "होईल ते होईल, काउंटर आहेच आपलं." हे ऐकलं की काका तासभर कुणाशी बोलायचा नाही.

काका कार्डांशी प्रामाणिक होता. अर्धवट आठवलं की तो स्वतःलाच "नाही चालणार" म्हणायचा आणि कार्ड पहिल्या कप्प्यात टाकायचा. कार्ड्या एवढा कडक नव्हता. पण शोध लावणाऱ्याला थोडी सूट असते, असं त्याचं मत होतं.

तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हाची गोष्ट. कार्ड्या आपलं खोकं घेऊन बसला होता. कार्ड आलं: मॅक्युला डेन्सा रेनिन कधी सोडायला लावतो? हा किडनीच्या नळीतला पेशींचा छोटा पुंजका, नळीतून किती मीठ वाहतंय यावर नजर ठेवणारा आणि त्यावरून रेनिन हे द्रव्य रक्तात सोडायला लावणारा. कार्ड्या म्हणाला, "सोडियम क्लोराईड वाढलं की." उलटलं. मागे बाण वर. बरोबर. पुढचं कार्ड: अल्डोस्टेरॉन काय करतं? "सोडियम अडवून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं." बरोबर.

मग त्याचा हात थांबला. रेनिनने यकृतातल्या प्रथिनाचं अँजिओटेन्सिन वन होतं, फुफ्फुसात त्याचं टू होतं, टूमुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि अॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन येतं. म्हणजे मीठ जास्त झालं म्हणून ही सगळी वरात निघाली, आणि निघून काय केलं, तर आणखी मीठ अडवलं? ही दोन कार्डं आजवर कधी लागोपाठ आली नव्हती. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खणखणीत पाठ होता, आणि साखळी कुणीच जोडून बघितली नव्हती.

त्याने पुस्तक उघडलं. सोडियम क्लोराईड कमी पोहोचलं की रेनिन. कमी. बाण खाली. कार्डावरचा वरचा बाण त्याने स्वतः, जाड स्केचपेनने, छान ठसठशीत काढला होता.

आठवड्यापूर्वी मेसमध्ये चिमणी नावाने ओळखली जाणारी वर्गमैत्रीण म्हणाली होती, "अरे, पुस्तकात उलटं दिलंय वाटतं." तेव्हा कार्ड्याने भात कालवत म्हटलं होतं, "जुनी आवृत्ती असेल तुझी." आणि टेबलावरचे सगळे हसले होते. चिमणीसुद्धा.

सांगणं सोपं होतं. वर्गाच्या ग्रुपवर एक ओळ. त्याने ती टाइप केली, वाचली, पुसली. पुन्हा टाइप केली आणि त्यात "बहुधा" घातलं. मग ती ओळ इतकी बावळट दिसायला लागली की त्याने फोनच उशीखाली सरकवला.

तेवढ्यात काका आंघोळ करून आला आणि आपलं खोकं मांडीवर घेऊन मोठ्याने म्हणू लागला. मोठ्यानेच म्हणायचं, हाही कार्ड्याचाच नियम.

"मॅक्युला डेन्सा रेनिन कधी सोडायला लावतो? सोडियम क्लोराईड वाढलं की." उलटलं. "हे बघ कार्ड्या, हे पठ्ठं एकदाही चुकलेलं नाही माझं!" आणि त्याने ते कार्ड मोठ्या समाधानाने शेवटच्या कप्प्यात ठेवलं.

कार्ड्या भिंतीवरच्या पालीकडे बघत म्हणाला, "भारी."

दुसऱ्या दिवशी कार्ड्याने एक नवं कार्ड लिहिलं. अक्षर तेच, स्केचपेन तोच, बाण खाली; मग त्याची झेरॉक्स काढून आणली. काका दूध आणायला गेला तेव्हा त्याच्या खोक्यातलं जुनं काढलं, नवं ठेवलं, जुन्याचे तुकडे करून संडासात सोडले. त्याला बरं वाटलं. चूक दुरुस्त झाली होती. कुणाला त्रास नाही, कुणाला कळलं नाही.

शेवटचा कप्पा महिन्याने उघडतो आणि परीक्षा त्याच्या आधी आहे, हे कार्ड्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. वेळापत्रक त्यानेच आखलं होतं. चूक खोक्यात नव्हतीच मुळी. चूक काकाच्या डोक्यात होती, चार वेळा आठवून आठवून घोटलेली. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि तो त्या माहितीला हात लावत नव्हता.

परीक्षा दोन दिवस होती. पहिल्या दिवशी फेरपरीक्षेचे आणि थोडे इतर, त्यात कार्ड्या. बाकीचे दुसऱ्या दिवशी. प्रयोगशाळेत बाहेरून आलेले परीक्षक टेबलामागे बसले होते, आणि पुढच्या नंबरच्याने मागच्या बाकावर थांबायचं होतं. म्हणून काका उत्तरं देत होता तेव्हा कार्ड्या त्याच्या पाठीमागेच होता.

काकाचं छान चाललं होतं. हृदयाचं सांगितलं, रक्त गोठण्याचं सांगितलं. परीक्षकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "रेनिन कधी सुटतं?"

"सर, अॅफरंट आर्टेरिओलमधला, म्हणजे किडनीच्या गाळणीकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला, दाब कमी झाला की, सिंपथेटिक नसा चेतवल्या की, आणि मॅक्युला डेन्साकडे सोडियम क्लोराईड वाढलं की."

"वाढलं की?"

"हो सर. वाढलं की."

"नक्की?"

इतर कुठल्याही उत्तरावर काका डगमगला असता. पण हे पठ्ठं कधी चुकलेलं नव्हतं. "नक्की, सर."

"बरं. मग पुढे अल्डोस्टेरॉन येऊन काय करतं?"

"सोडियम अडवतं."

"म्हणजे मीठ जास्त झालं, म्हणून शरीर आणखी मीठ साठवतं. माणूस फुगून फुटायचा की हो. शरीर वेडं आहे, की तुम्ही?"

मागून काकाचे कान लाल होताना दिसले. त्यानंतरच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला नक्की येत होती, कार्ड्याने ती रोज ऐकली होती. काकाने एकही दिलं नाही.

मग कार्ड्याला बोलावलं. परीक्षकांना तोच धागा धरावासा वाटला. "तुम्ही सांगा, मॅक्युला डेन्सा."

"सोडियम क्लोराईड कमी झालं की, सर," कार्ड्या म्हणाला. साखळी टोकापासून टोकापर्यंत सांगितली, मधे श्वाससुद्धा न घेता.

"वा! तुमच्या त्या मित्राला शिकवा जरा."

"हो सर," कार्ड्या म्हणाला. आणखी काय म्हणणार?

तो खोलीवर आला तेव्हा काका पलंगावर बसला होता. परीक्षेचा पांढरा कोट अजून अंगात. मांडीवर खोकं, हातात ते कार्ड. शेवटच्या कप्प्याला त्याने आज पहिल्यांदाच नियम मोडून हात लावला होता.

"कार्डावर बरोबरच आहे रे," काका म्हणाला. "बाण खाली. मीच इतके दिवस उलटा वाचत होतो. वाचत होतो, आणि वर 'बरोबर' म्हणून पुढे सरकवत होतो." तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. "समोर लिहिलेलं दिसत नाही माणसाला, तो पेशंट काय बघणार? बाबांना फोन केलाय. निकालाची वाट बघत नाही म्हटलं."

"काय म्हणाले?"

"काउंटर आहेच म्हणाले."

कार्ड्याला दारातच थांबावंसं वाटलं, मग दाराबाहेर, मग त्या गावाबाहेर. "काका, तू उलटं नव्हतास वाचत. बाण वरच होता. माझी चूक होती. मला तीन आठवड्यांपूर्वी कळली. हे कार्ड मी बदललं, तू दूध आणायला गेलास तेव्हा."

काकाने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. तो आता खोकं अंगावर फेकेल, असं कार्ड्याला वाटलं. खरं म्हणजे फेकावं अशी त्याची इच्छाच होती.

"म्हणजे," काका हळूच म्हणाला, "मला जे आठवत होतं, ते बरोबर आठवत होतं?"

"हो."

"एकदाही चुकलं नव्हतं माझं?"

"नाही."

काकाचा चेहरा उजळला. अगदी मनापासून, लहान मुलासारखा. "च्यायला! म्हणजे मी ढ नाहीये!" आणि त्याने फोन उचलला, "थांब, बाबांना सांगतो, दुकानाचं राहू द्या म्हणून."

शिवी दिली असती तर कार्ड्याने ती झेलली असती. हा आनंद कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

नंबर लावता लावता काकाचा अंगठा थांबला. उजेड चेहऱ्यावरून हळूहळू उतरला. "तू माझ्या मागे बसला होतास," तो म्हणाला. "सरांनी 'नक्की?' विचारलं तेव्हा."

"हो."

"आणि बाकीच्यांची खोकी? त्यांची परीक्षा उद्या आहे. त्यांचीपण बदललीस का गुपचूप?"

"नाही."

"मग इथे काय उभा आहेस? ग्रुपवर टाकू नकोस. तुला ओळखतो मी, तिथे बहुधा-बिहुधा घालशील. दार ठोठाव एकेकाचं. आणि नुसतं कार्ड दुरुस्त करू नकोस, प्रत्येकाकडून म्हणवून घे. चारदा." त्याने पाठ फिरवली आणि फोन कानाला लावला.

कार्ड्या जिना उतरून मुलींच्या वसतिगृहाच्या ओट्याशी गेला आणि चिमणीला खाली बोलावलं, कारण तिच्यापासून सुरुवात करणं सगळ्यात अवघड होतं. ती आणखी चौघींना घेऊन आली. "कार्ड्या, आज काय काय विचारलं? सांग ना!"

"मॅक्युला डेन्सा," तो म्हणाला. "रेनिन कधी?"

"सोडियम क्लोराईड वाढलं की!" पाचही जणी एका सुरात म्हणाल्या. सर्वांत मोठा आवाज चिमणीचा होता.

कार्ड्याने मान खाली घातली. मग वर केली, कारण हे मान खाली घालून सांगण्यासारखं नव्हतं.