नाव तेवढं खोडलं

नम्रता कळंबची. खालापूरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ती कामगारांचं ऑफिस सांभाळायची, आणि तिथं मन लावून काम करणारं माणूस शोधायचं तर पहिलं बोट तिच्याकडंच जायचं. म्हणून तर ठमी तिच्याकडे आली.

ठमी कंत्राटी कामगार. कापायच्या मशीनवरची संरक्षक जाळी कंत्राटदाराचा सुपरवायझर काढून ठेवायला लावतो, म्हणजे माल भराभर निघतो, आणि परवा शेजारच्या बाईचं बोट थोडक्यात वाचलं, एवढं तिनं दाराशी उभं राहूनच सांगितलं. "पन माझं नाव कुटं येऊ देऊ नका, मॅडम. कंत्राटदार घरी बसवील."

"नाही येणार," नम्रता म्हणाली. शब्द दिला की पाळायचा, असं तिचं होतं.

मॅनेजर मनोज सरांना तिनं मेल लिहिला. सरांना कशानं पाझर फुटेल याचा नेम नव्हता, म्हणून तिनं जरा जीव ओतून लिहिलं. सरांपुरतं म्हणून नाव, कामगार नंबर, मशीन, आणि शेवटी, 'कशेळ्याच्या वरच्या वाडीवरून पहाटेची जीप धरून एकटी येणारी ही बाई खोटं कशाला सांगेल?' सरांना खरंच पाझर फुटला. दोन-चार उत्तरं इकडून तिकडं गेली, त्यात कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही हेही आलं, आणि मग हुकूम सुटला. हे सगळं कंत्राटदार साईनाथला पाठव, पण बघून पाठव.

आता कंत्राटदार म्हणजे बाहेरचा माणूस. नम्रतानं बसून एकेक गोष्ट साफ केली. विषयाच्या ओळीत ठमीचं नाव होतं, ते बदललं. खाली लोंबणारी जुनी उत्तरं उघडून कंत्राटाची चर्चा पुसली. सोबत जोडलेला ठमीच्या ओळखपत्राचा फोटो काढून टाकला. मजकुरात नाव आणि नंबर होता तिथं 'एक महिला कामगार' घातलं. मग मेल आधी स्वतःलाच पाठवून मोबाईलवर पाहिला, कुठं काही डोकावत तर नाही ना. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं अगदी डोळ्यात तेल घालून केलं. ते शेवटचं वाक्य मात्र तिनं राहू दिलं. साईनाथच्याही काळजाला लागावं, एवढाच हेतू. त्यात नाव कुठं होतं?

साईनाथचं उत्तर लगेच आलं. जाळी बसवली आहे, तसदीबद्दल क्षमस्व. मनोज सर मशीन बघून आले आणि 'छान' लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं. नम्रताला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे सांगायलाच हवं, कारण तसं बरं तिला पुढं कितीतरी दिवस वाटणार नव्हतं.

ठमी कामावर दिसेना. गेटवर विचारलं तर म्हणाले, कंत्राटदारानं माणूस बदललं. सुट्टीच्या दिवशी नम्रता कशेळ्याला गेली. बाजारात ठमी करवंदांची पाटी घेऊन बसली होती.

"नाव मी खोडलं होतं, ठमीताई. शपथेवर सांगते."

"मंग त्याला कसं कळलं?"

नम्रतानं मोबाईल काढून मेल वाचायला घेतला. 'एक महिला कामगार' इथवर आवाज नीट होता. शेवटच्या वाक्याशी तो अडकला, पण तिनं ते वाचलं.

ठमीनं पाटीवरचा पाला सारखा केला. "वरच्या वाडीवरनं कंपनीत मी येकलीच जात व्हते. त्या जीपवाल्याला बी ठावं हाय." मग तिनं वर पाहिलं. "तुमी तर हितल्याच, कळंबच्या. तुमाला नाय कळलं?"

मुंबईच्या माणसाला कळलं नसतं. साईनाथ मुंबईचा नव्हता, आणि नम्रताही नव्हती. तिला शरम वाटली. ठमी चिडली असती तरी सोसवलं असतं.

"मी सरांना सगळं सांगते," नम्रता म्हणाली. "चूक माझी आहे. तुम्हाला परत घ्यायला लावते. जाळी बसली, एवढं तरी काम झालंय."

"जाळी काढली परत. तुमचे साहेब बघून गेले, त्याच दिशी."

नम्रता सवयीनं मोबाईल सरसावून बसली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

ठमीनं तिच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकासाठी द्रोण भरायला घेतला.

"ती अजून कामावर हाय, मॅडम. नाव नाय सांगनार."