संवादाखालचा चेलो

आईने आन्सगारसाठी केक केला, ताज्या आलुबुखारांचा, वर बदामाचे काप लावून. माझ्या वाढदिवसाला मात्र बेकरीतून आणते. हे आधीच सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं होतं ते कळेल.

मी सिनेमांचं ध्वनिमिश्रण करते. संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतात, त्यांचा मेळ मी घालते. आमच्या कोलोनच्या वाहिनीने आता प्रत्येक सिनेमाला दुसरा ट्रॅक जोडायचं ठरवलं आहे. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या प्रेक्षकांसाठी त्यात कोणी बोलायला लागलं की संगीत आणि पाऊस-गाड्यांचे आवाज खाली उतरतात. ते काम आन्सगार करतो. वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड आणि अंगात कायम तोच हिरवा स्वेटर. माझ्या सिनेमाचा त्याने केलेला ट्रॅक मी ऐकून होकार दिल्याशिवाय प्रसारित होत नाही. तेवढी एक सत्ता माझ्या हातात होती.

बहिऱ्यांच्या मंडळात दर बुधवारी दुपारी असे ट्रॅक ऐकवून बघतात. आई तिथली जुनी सभासद, दोन्ही कानांत यंत्रं. पहिल्या बुधवारी ती दुसऱ्या कोणाच्या तरी सिनेमातल्या एका विनोदावर हसली. माझ्या सिनेमात ती हसलेली मी कधी पाहिली नव्हती. घरी जाताना रस्ताभर आन्सगारपुराण चाललं होतं. किती नम्र, किती हुशार, लग्न झालंय का त्याचं. मी गाडी चालवत होते आणि आतून करपत होते.

पुढचा सिनेमा माझा होता. त्याच्या ट्रॅकमध्ये मी खुसपट काढलंच. सिनेमाच्या शेवटी मुलगी बापाला विचारते, मी जाऊ का? ऱ्हाइनकाठी राहणारा तो म्हातारा नावाडी बराच वेळ गप्प बसतो, आणि मग म्हणतो, ‘थांब.’ त्या शांततेत चेलो वाजतो, व्हायोलिनसारखाच पण खर्जातला. तो चेलो ठेवावा म्हणून मी दिग्दर्शकाशी भांडले होते. आन्सगारने तो पूर्ण खाली उतरवला होता.

‘‘शांततेत कोण बोलतंय?’’ मी म्हटलं. ‘‘तिथे तरी वर येऊ दे त्याला.’’

‘‘विबके, त्याचा सूर लांबत जातो,’’ तो म्हणाला. ‘‘पुढच्या शब्दावर चढेल. थकलेल्या कानाला मोठ्या आवाजानंतर सावरायला वेळ लागतो.’’

‘‘मला तर ‘थांब’ स्वच्छ ऐकू येतंय.’’

‘‘तुला संवाद पाठ आहेत. मी म्हणूनच पटकथा वाचत नाही.’’

हे ऐकून माझी आणखीच सटकली. चेलो वर आला नाही तर होकार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्याने मुकाट्याने केलं.

पुढच्या बुधवारी तो केक आला. आईने मोठा तुकडा आन्सगारला कापून दिला, मला उरलेली कड. सिनेमा सुरू झाला. शेवटचा प्रसंग आला, मुलीने विचारलं, चेलो भरून आला. काय वाजला तो! मी आईकडे पाहिलं. ती पुढे झुकून पडद्यावरच्या नावाड्याच्या तोंडाकडे बघत होती, पण त्याला दिग्दर्शकाने पाठमोरा बसवला होता. मुलीने पिशवी खाली ठेवली आणि सिनेमा संपला.

दिवे लागले तशी मंडळींत चुळबुळ झाली. पोरगी का थांबली, हे कोणालाच कळलं नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिने आन्सगारला विचारलं, ‘‘बाप शेवटी काही बोलला का हो?’’

माझं नाव घ्यायची त्याला चांगली संधी होती. मी तर घेतलीच असती.

‘‘बोलला. माझ्याकडून राहिलं ते,’’ तो म्हणाला. ‘‘दुरुस्त करतो.’’

त्या चांगुलपणाने मला इतका संताप आला की हातातली बशी टेबलावर आपटली. आईला ते ऐकू गेलं नाही. ती त्याच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी.

‘‘असू दे हो, तुमचं एवढं एकच चुकलं. आमच्या विबकेच्या सिनेमांत मला इतकी वर्षं कोण काय बोलतंय तेच कळत नाही. मी आपली संगीत छान आहे म्हणते आणि वेळ मारून नेते. तिला सांगू नका, फार मनाला लावून घेते ती.’’

सगळे माझ्याकडे बघत होते. आई समाधानाने मागे टेकली आणि मला म्हणाली, ‘‘तू केक घेतलास का गं?’’

घेतला म्हटलं. मग आन्सगारला सांगितलं, चेलो खाली घे, अगदी तळाला, माझा होकार समज. तो हसला. त्याचं ते हसूसुद्धा मला बघवलं नाही.