चार मशीनं आणि वर्णनातली शेवटची ओळ

बाईंच्या शिवणवर्गात पाऊल टाकलं आणि ताई दारातच थबकली. खिडकीखालच्या लांब टेबलावर एकसारखी चार मशीनं ओळीनं मांडलेली होती. पांढरी, फिकट हिरव्या पट्ट्याची. तिच्याच व्हिडिओतलं मशीन.

व्हिडिओ बघणारे तिला टाकेताई म्हणायचे. कुठला टाका कुठे घालायचा, दोरा का तुटतो, सुई का अडकते, हे ती इतकं सोपं करून सांगायची की ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही तेही शेवटपर्यंत बघत बसायचे. पण हे सगळं तिला शिकवलं होतं ते या बाईंनी, याच खोलीत. आज बाईंनी नव्या मुलींना चार गोष्टी सांगायला तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"ही बघा तुमची ताई," बाई म्हणाल्या. त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. "हिचा व्हिडिओ बघितला आणि त्याच्याखालच्या लिंकवरून चारही मागवली. दुकानदार काय, आपलाच माल चांगला म्हणणार. ही पैसे घेऊन कौतुक करणाऱ्यातली नाही."

मुली हसल्या. ताईही हसली.

तेवढ्यात कडेच्या मशीनवरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे परत अडलं."

ती जीन्सच्या पायाची दुमड शिवत होती. जाड शिवणीवर सुई आली की मोटर नुसती घूं घूं करायची आणि सुई जागच्या जागी थांबायची. मुलगी चाक हातानं फिरवून एकेक टाका पुढे ढकलत होती. ताईला ते बघायची गरजच नव्हती. तिच्या घरी, चित्रीकरणाच्या दिवशी, अगदी असंच झालं होतं. जीन्सचा तो तुकडा तिनं व्हिडिओतून काढायला लावला होता आणि त्या जागी मऊ सुती झबलं शिवून दाखवलं होतं.

"व्हिडिओखाली काही लिहिलंय का बघते हं," मुलगीच म्हणाली आणि मोबाइल काढला. लिंका होत्या, 'आणखी पाहा' होतं, त्याच्याखाली दोऱ्यांची यादी, सुयांचे नंबर, दहाबारा हॅशटॅगांची गर्दी. सगळ्याच्या तळाशी एक ओळ. ती मुलीनं मोठ्यानं वाचली. "'कंपनीच्या सहयोगाने.' ताई, सहयोग म्हणजे काय हो?"

"म्हणजे... मशीन त्यांनी पाठवलं होतं."

"फुकट?"

"हो."

"आणि या लिंका?"

सगळ्या बघत होत्या, बाईसुद्धा. "त्या सोयीसाठी," ती म्हणाली. "शोधत बसायला नको म्हणून."

मुलीनं मान डोलावली. तिला खरंच पटलं होतं. पुढचा तासभर ताई काय बोलली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

घरी धाकटी बहीण टेबलाशी बसून नवा व्हिडिओ जोडत होती. चित्रीकरण, जुळणी सगळं तीच बघायची. ताईनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"पण सहयोग लिहिलं होतंस ना?" धाकटी म्हणाली.

"कुणाला कळू नये म्हणून लिहिलं होतं."

धाकटीनं हळूच विचारलं, "बाईंनी लिंकवरून घेतलं म्हणजे आपल्याला कमिशन...?"

"आलंय. चार विक्री एकदम दिसल्या तेव्हा मी तुला बोलावून दाखवलं होतं, आठवतं? नाचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी."

त्या आठवणीनंच तिचे कान तापले. तिनं खुर्ची ओढली आणि त्या व्हिडिओचं वर्णन उघडलं. पहिल्यांदा वर लिहिलं, 'हा व्हिडिओ प्रायोजित आहे.' मग खोडलं. तिचे व्हिडिओ बघणाऱ्या मामीला 'प्रायोजित' कळलं नसतं. तिनं लिहिलं:

'ही जाहिरात आहे. हे मशीन मला कंपनीनं फुकट दिलं आणि व्हिडिओ करायचे पैसेही दिले. खाली (कमिशन) लिहिलेल्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला किंमत जास्त पडत नाही.'

"हे लिंकांच्या वरच राहू दे," धाकटी म्हणाली. "'आणखी पाहा' दाबायच्या आधी पहिल्या दोनतीन ओळीच दिसतात. आणि 'पैसे घेऊन केलेली जाहिरात' या चौकटीत टिकच केलेली नाहीस तू. केलीस की व्हिडिओ सुरू होताना पट्टी येते."

ताईनं टिक केली. मशीनच्या आणि दोऱ्यांच्या लिंकांपुढे (कमिशन) लिहिलं. कात्रीची लिंक साधी होती, ती तशीच ठेवली. मग आणखी एक ओळ घातली: 'जीन्ससारख्या जाड कापडाच्या दुमडीवर हे मशीन अडतं. माझ्याकडेही अडलं होतं. ते मी व्हिडिओत दाखवलं नाही, ही माझी चूक.' तेच सगळं पहिल्या कमेंटमध्येही चिकटवलं, कारण वर्णन उघडून बघतं कोण?

तासाभरात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. ती चिडलेली नव्हती, हेच अवघड होतं. "जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहायचं हे आपल्या करारातच होतं ताई, त्याला आमची काहीच हरकत नाही. पण जाड कापडाची ओळ तेवढी काढा ना."

म्हणजे लपवायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीवर ढकलायची जी जागा तिनं मनात राखून ठेवली होती, तीही गेली.

"ओळ राहील," ती म्हणाली. "हवं तर पुढचं काम देऊ नका."

आता बाईंना फोन करायचा होता. तिनं दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा बाईंनी उचलून म्हटलं, "काय गं, विसरलीस का काही?"

"बाई, मी खोटं बोलले. लिंका सोयीच्या नव्हत्या. तुम्ही घेतलेल्या प्रत्येक मशीनचे मला पैसे मिळाले. कौतुकाचेही मिळाले होते. आणि ते अडतं हे मला माहीत होतं." एका दमात बोलून ती थांबली. मग घाईनं म्हणाली, "परत करायला अजून दोन दिवस आहेत. परत गेली की कमिशनही आपोआप रद्द होतं. पाठवून द्या."

पलीकडे कुणाचं तरी मशीन सुरू होऊन थांबलं.

"मला काय सांगतेस," बाई म्हणाल्या. "मी मुलींना तुझी खात्री दिली. उद्या ये आणि त्यांना सांग."

ती गेली. मुलींसमोर उभी राहून तिनं नवं वर्णन वाचून दाखवलं. जीन्सवाली मुलगी तिच्याकडे न बघता बोटानं टेबलावरचे दोरे गोळा करत होती.

"'ही माझी चूक' म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. "चूक म्हणजे टाका चुकतो ती. तू बघून कापलंस. तसं लिही."

ताईनं तिथेच, सगळ्यांसमोर, मोबाइलवर ती ओळ बदलली: 'मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम काढून टाकलं.'

बाईंनी तीन मशीनं परत पाठवली, एक पातळ कापडासाठी ठेवलं. खोकी बांधायला ताई थांबली. मुली तिच्याशी बोलल्या, पण जेवढ्यास तेवढं. निघताना बाई दारापर्यंत आल्या नाहीत; आतूनच म्हणाल्या, "दार ओढून घे."

पुढच्या व्हिडिओत टाकेताईनं नमस्कार केल्या केल्या, कापड हातात घ्यायच्या आधी सांगितलं की यातली कात्री तिला फुकट मिळालीय. आवाज थोडा चिरकला. धाकटीनं विचारलं, "हा शॉट परत घेऊ या का?"

"नको," ती म्हणाली. "असू दे तसाच."