हमखास मिळणारी जागा

मला संख्याशास्त्र हवं होतं. बाबांनी ते कॉलेज प्रवेशाच्या पसंतीयादीत दुसरं टाकायला लावलं आणि घराजवळच्या कॉलेजचं कॉमर्स पहिलं. म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"पण बाबा, पहिलं मिळालं की खालचं बघतच नाहीत. संख्याशास्त्र वर टाकून कॉमर्स काही हातचं जात नाही."

"आली मोठी शहाणी! दोन्ही गेलं म्हणजे?"

ओटीपी त्यांच्या फोनवर आला. त्यांनी आकडे वाचले, मी टाइप केले. यादी लॉक झाली, आता बदल नाही.

निकाल लागला तेव्हा बाबा मामाला फोनवर सांगत होते, "अरे, पहिल्याच पसंतीचं मिळालं!" संख्याशास्त्राची शेवटची जागा माझ्याहून कमी गुणांना गेली होती. मी स्क्रीन बंद केली आणि प्रवेशासाठी फोटो कापायला बसले.