कपाटातली लसणाची बरणी

यामिनीकाकूंचं पुस्तक निघालं तेव्हा कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळात त्यांचा छोटासा सत्कार झाला. जन्म इथलाच, कालीघाटजवळच्या शाळेत गृहविज्ञान शिकवण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर घरी लेकीबाळींना केक-बिस्किटं शिकवता शिकवता हे पुस्तक तयार झालं. ज्यांच्या घरी फक्त एक लहानसा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे, पंखा नाही, आत दिवा नाही, तापमानाची खुंटीसुद्धा धड खरं सांगत नाही, अशा नवशिक्यांसाठी त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं होतं. पहिल्या भागात भाजण्याचे पदार्थ, दुसऱ्यात टिकवण्याचे: जॅम, चटण्या, लोणची, ओव्हनमध्ये वाळवलेले टोमॅटो, तेलातला भाजका लसूण. कॉलेज स्ट्रीटमागच्या गल्लीतल्या श्यामसुंदर दत्तांनी ते छापलं.

मंडळात पहिली प्रत नूपुरनं घेतली. तिचा नवरा क्षितिज कस्टम्समध्ये, नुकतीच इथल्या खिदिरपूरला बदली झालेली. साताऱ्याहून आलेल्या नूपुरला बंगाली येत नव्हती, ओळखी नव्हत्या. तिनं सोळा लिटरचा ओटीजी घेतला आणि पुस्तक पहिल्या पानापासून करायला सुरुवात केली. केक मध्येच बसला की काकूंना फोन. "ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवलास का?" काकू विचारायच्या. "आणि पहिला अर्धा तास दार उघडू नकोस गं, काचेतून बघ." पुढच्या खेपेला केक फुगला की त्याचा फोटो यायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी तिचा फोन आला.

"काकू, एक विचारायचं होतं. तेलातल्या लसणाच्या दोन बरण्या केल्या होत्या ना, त्यातल्या दुसरीचं झाकण वर आलंय. उघडली तर फस्स आवाज झाला. वास तर छान येतोय. टाकून देऊ का?"

काकू चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी खाली ठेवली.

"फ्रीजमध्ये नव्हती का ठेवलीस?"

"नाही. कपाटात. पुस्तकात लिहिलंय तसंच, अंधाऱ्या कोरड्या जागी."

"असं कुठे लिहिलंय?"

"शेवटच्या तक्त्यात. सहा महिने टिकतो म्हणून."

काकूंनी फोन कानाला तसाच धरून कपाटातून पुस्तक काढलं. टिकवण्याच्या भागाच्या शेवटी तक्ता होता: पदार्थ, कुठे ठेवायचा, किती दिवस. नवशिक्याला पानं चाळावी लागू नयेत म्हणून साठवणीच्या सगळ्या सूचना त्यांनी मूळ पाककृतींतून काढून या एकाच तक्त्यात आणल्या होत्या. तेलातल्या लसणासमोर छापलं होतं: घट्ट झाकणाची बरणी, अंधारं कपाट, सहा महिने. त्याच्या खालच्या ओळीत सफरचंदाचा जॅम: फ्रीज, चार दिवस. दोन ओळींची अदलाबदल झाली होती.

"नूपुर, ऐक. त्या बरणीतलं कोणी खाल्लं नाही ना?"

"यातलं नाही. पहिली बरणी काल रात्री उघडली. बाबांनी पोळीला लावून खाल्लं. त्यांना फार आवडलं. का हो काकू?"

बाबा म्हणजे नूपुरचे सासरे, मनोहरराव. दिवाळीला म्हणून आले होते, ते अजून इथेच होते.

"दोन्ही बरण्या कोणाच्या हाताला लागणार नाहीत अशा बाजूला ठेव. हात साबणानं धू. आणि बाबांना घेऊन लगेच हॉस्पिटलमध्ये निघ. मी तिथेच येते."

"पण त्यांना काहीच होत नाहीये. पेपर वाचतायत."

"तरीसुद्धा."

टॅक्सीत काकूंना आपलंच शिकवणं आठवत होतं. लसूण मातीतून येतो आणि त्याच्याबरोबर मातीतले काही जंतूही येतात. ओव्हनच्या मंद आचेत त्यांची बीजं मरत नाहीत, कारण पाकळीच्या आत पाणी असतं आणि ती पाकळी उकळत्या पाण्याहून फारशी तापतच नाही. वरून तेल ओतलं की हवा बंद. आंबटपणा नाही, थंडी नाही. असल्या जागी ती बीजं जागी होतात आणि विष तयार करतात. झाकण फुगतं, पण दरवेळी फुगतंच असं नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. जॅमचं तसं नसतं. त्यात फळाचा आंबटपणा आणि भरपूर साखर असते, म्हणून तो कपाटात राहतो. हे त्या वर्षानुवर्षं मुलींना फळ्यावर लिहून देत आल्या होत्या.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरला आधी ते पटेना. "मावशी, लसूण खाऊन कोणी इथे येत नाही," तो बंगालीत म्हणाला. काकूंनी त्याला झाकणाचं सांगितलं, किती आठवडे बरणी कपाटात होती ते सांगितलं. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं मनोहररावांच्या पापण्या पाहिल्या, त्यांना गिळायला लावलं, हातांची ताकद तपासली, आणि वरिष्ठांना फोन केला.

"आत्ता काही नाही," तो परत येऊन म्हणाला. "पण त्रास सुरू व्हायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. पापण्या जड होणं, एकाचं दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, मग श्वास. यांना ठेवून घेऊ. यावरचं औषध सहज मिळत नाही, म्हणून मी आत्ताच चौकशी करून ठेवतो."

क्षितिज ऑफिसमधून तसाच आला. त्यानं काकूंना नमस्कार केला. नूपुर बाकावर बसून होती.

"माझंच काही चुकलं का, काकू?" तिनं हळूच विचारलं. "बरणी मी उकळून घेतली होती. चमचासुद्धा कोरडा वापरला."

"तुझं काहीच चुकलं नाही. तक्ता चुकीचा छापलाय. दोन ओळी उलट्या पडल्यात."

नूपुरनं मान वर केली. "पण तुम्ही वाचलं असेल ना, छापायच्या आधी?"

"वाचलं होतं. शेवटच्या प्रुफावरची सही माझीच आहे."

"मला काही येत नव्हतं म्हणून तर पुस्तक घेतलं," नूपुर म्हणाली. "आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, असला लसूण आम्ही नाही करत. मी म्हटलं, काकूंनी लिहिलंय. अक्षर न् अक्षर तसंच केलं."

काकू तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

संध्याकाळी पेपर चाळताना मनोहरराव अचानक म्हणाले, "अरे क्षितिज, ही अक्षरं पुसट का दिसतायत मला?" क्षितिज नर्सला बोलवायला धावला. डॉक्टरनं येऊन टॉर्च मारला, बोट हलवून दाखवलं, मग विचारलं, "यांचा चष्मा कुठे आहे?" वाचायचा चष्मा घरीच राहिला होता. मनोहरराव ओशाळून हसले. नूपुरला मात्र रडू आवरेना.

त्यांना काहीच झालं नाही. डॉक्टरांनी पुरेसे दिवस ठेवून घेऊन घरी सोडलं. पहिल्या बरणीत विष होतं की नव्हतं हे कधी कळलं नाही.

काकू मग कॉलेज स्ट्रीटला गेल्या. श्यामसुंदरबाबूंनी तक्ता पाहिला, मूळ मजकुराशी ताडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पान जुळवताना ओळी सरकल्या. आमच्याकडूनच झालं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"पुढची आवृत्ती नाही. दुकानांतली सगळी पुस्तकं परत मागवायची, आणि चूक जाहीर करायची."

"दीदी, पेशंट तर बरा आहे ना? उगाच बोभाटा कशाला? उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी घालतो."

"आणि जी विकली गेली त्यांचं काय? त्या घरांत जाऊन कोण चिठ्ठी घालणार आहे?"

"कोण एवढं बघून लसूण करतंय! लोक केकची पानं उघडतात."

"एकीनं केलं."

श्यामसुंदरबाबू वाईट माणूस नव्हते. प्रती परत मागवायला ते कुरकुरत का होईना, तयार झाले. जाहीर करायला मात्र नाही म्हणाले. त्यांच्या घराण्याच्या नावावर डाग येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरी त्यांचे यजमान हर्षदरावही तेच म्हणाले. "यामिनी, नाव तुझं जाईल. ओळी त्यांनी सरकवल्या आणि लोक म्हणतील, हिला लसूण आणि जॅममधला फरक कळत नाही."

"म्हणू देत," काकू म्हणाल्या. "अहो, कोणाच्या तरी कपाटात ती बरणी आत्ता असेल. तुम्हीच माझा व्हिडिओ काढा. मला ते धड जमत नाही."

स्वयंपाकघरात ओटीजीसमोर उभं राहून, पुस्तकाचं ते पान हातात धरून त्या बोलल्या. इंग्रजीत, मग बंगालीत, मग मराठीत. तेलातला लसूण कपाटात ठेवला असेल तर चाखून बघू नका, उघडू नका, बरणीसकट पिशवीत बांधून टाका. कोणी खाल्लं असेल तर डॉक्टरांना बरणीबद्दल सांगा. चूक माझ्या पुस्तकातली आहे आणि ते तपासण्याची जबाबदारी माझी होती.

व्हिडिओ लांबवर फिरला. कोणी आभार मानले. कोणी लिहिलं की असल्या बायकांना पुस्तकं लिहायला कोण सांगतं. मंडळातल्या शोभाताईंनी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" कोलकात्याजवळच्या बजबजहून एका अनोळखी बाईचा फोन आला. तिनं तीन बरण्या केल्या होत्या, त्यातली एक हॉस्टेलवरच्या मुलीकडे पाठवली होती. बोलता बोलता ती रडायला लागली. मुलीनं बरणी अजून उघडली नव्हती. अजून किती घरं असतील आणि त्यातली किती जण व्हिडिओ बघणारीच नसतील, हे कोणी सांगू शकत नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यांनी शिकवणी बंद ठेवली.

नूपुरचा फोन येईनासा झाला होता. मंडळात दिसली तर ती वाकून नमस्कार करायची आणि पुढे जायची.

फेब्रुवारीत एका दुपारी मात्र तिचा फोन आला. आवाजात पहिल्यासारखी लगबग नव्हती.

"काकू, ब्रेड करतेय. वरून होत नाही तोवर खालून करपतो. काय करू?"

"जाळी एक घर वर सरकव. आणि खालच्या तापणाऱ्या कांडीच्या वर, सगळ्यात खालच्या घरात, एक रिकामा ट्रे ठेव. थेट आच लागणार नाही."



"नक्की ना?" नूपुरनं विचारलं.

पूर्वी काकू हसून "अगं, नक्की" म्हणाल्या असत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "मी आज करून बघते आणि संध्याकाळी तुला सांगते."

"बरं," नूपुर म्हणाली. तिनं फोन लगेच ठेवला नाही. "मग मीही तोवर थांबते."

काकूंनी मैद्याचा डबा खाली काढला, यीस्ट कोमट पाण्यात भिजत घातलं आणि त्यावर फेस येतो का ते बघत ओट्याजवळ उभ्या राहिल्या.