दोन स्कॅनांची सरासरी

डोकं फिरलेलं माझं. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात सीटी स्कॅनमधून किडनी शोधणारं मॉडेल मी बनवतो. शिकताना ते हुशार, तपासायला घेतलं की एकदम ढ. तीन आठवडे हेच. शेवटी वैतागून मी आमच्या ऑफिसच्या प्रमुखांना, राकेशसरांना सांगितलं, मैथिलीताईंचं मार्किंगच चुकतंय.

मैथिलीताई ठाकुर्लीहून येतात, प्रत्येक स्कॅनवर किडनीची कड हाताने आखतात. सर म्हणाले, सगळं पुन्हा आखा. शुक्रवारपर्यंत फरक पडला नाही तर ताईंचं काम बंद. ताई गुपचूप आखायला बसल्या.

मंगळवारी सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"संदेश, हा एकशे बारा नंबर बघ. शिकताना बरोबर, तपासताना किडनीच गायब. स्कॅन तोच, माझी रेघ तीच. मग चुकलं कोण?"

मी तो स्कॅन शिकण्याच्या मोडमध्ये दुसऱ्या एका स्कॅनसोबत चालवला, किडनी आली. जोडीदार बदलला, तर अर्धीच आली. आता हे काय? याची किडनी शेजारी कोण बसलंय त्यावर ठरते?

तासभर डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. आतले आकडे एका मापात आणायला बॅच नॉर्म एकत्र आलेल्या स्कॅनांची सरासरी घेतं. आमचे स्कॅन इतके जड की कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डात एका वेळी दोनच मावतात. मी आठ फेऱ्यांतून निघालेली मॉडेलची दुरुस्ती साठवून एकदम लावायचो आणि छाती ठोकून सांगायचो, आपली बॅच सोळाची आहे. दुरुस्ती सोळांची होती, पण सरासरी दर फेरीला दोघांचीच. तपासताना तर ते आधीच्या सगळ्या फेऱ्यांतून साठवलेली सरासरी लावतं, ती कुणालाच बसत नव्हती. आणि मी खापर फोडलं ताईंवर. लाज वाटली मला.

मग बॅच नॉर्म काढून ग्रुप नॉर्म टाकलं. त्यात एकाच स्कॅनचे चॅनल, म्हणजे मॉडेलने त्यातून काढलेले आकड्यांचे थर, गटांत वाटतात आणि सरासरी त्या गटापुरतीच. शेजाऱ्याशी संबंध नाही. शिकताना जे गणित, तेच तपासताना. घाईत बत्तीस गट लिहिले. आमच्या मॉडेलचे चोवीस चॅनल बत्तीस गटांत कसे वाटणार, एरर आली. आठ केले. ताईंचं जुनंच मार्किंग घेऊन मॉडेल पहिल्यापासून शिकवलं.

शुक्रवारी सकाळी तपासलं. एकशे बारामध्ये किडनी जागेवर होती, बाकीच्यांतही. सरांना सांगितलं, चूक माझी होती, ताईंचं काम राहू द्या. सर हो म्हणाले. मी खूश होऊन ताईंकडे गेलो.

"ताई, तुमचं जुनं मार्किंग बरोबरच होतं."

त्यांनी माऊस खाली ठेवला.

"तू चुकतंय म्हणालास ना, म्हणून मला माझाच भरवसा उरला नव्हता. दोनशे सहा स्कॅन पुन्हा आखले. प्रत्येक रेघ थोडी थोडी आत घेतली."

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्या स्कॅनवर त्यांची जुनी रेघ परत लावली.