कवड्या लावलेली पर्स

विम्याचे दावे तपासणारा सर्व्हेअर म्हणून माझं आयुष्य उलटलेले ट्रक आणि जळालेला कापूस तपासण्यात गेलं. त्यात एकदा दोन लाखांची पर्स माझ्या वाट्याला आली. तीही चोरीला गेलेली, म्हणजे तपासायला पर्सच नाही.

यवतमाळच्या माझ्या ऑफिसात राखी राठोड समोर बसली होती. शेजारी तिची आई बसंतीबाई, दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरून मुद्दाम आलेली. राखी हैदराबादला मोठ्या पगारावर. घरी येताना ती पांढरकवड्याच्या ढाब्यावर जेवायला थांबली आणि तेवढ्यात कुणीतरी बंद गाडीची काच फोडून पर्स नेली.

कागद चोख होते. एफआयआर होता, इटलीच्या कंपनीचं बिल होतं, पॉलिसीच्या यादीत पर्सची नोंद होती. पर्ससोबत आलेल्या कार्डावरचा सीरियल नंबर बिलाशी जुळत होता. गाडं अडलं राखीनं दिलेल्या फोटोंपाशी. प्रत्येक फोटोत पर्सच्या पट्ट्याला कवड्या शिवलेल्या होत्या; त्या आईनं लावल्या, असं तिचं म्हणणं.

विमा कंपनीच्या साहेबांना वाटत होतं, खरी पर्स विकून टाकली असेल आणि नकलीला कवड्या टाचून फोटो काढले असतील. मलाही तसंच वाटत होतं. संशय घेणं हाच माझा धंदा आहे, त्याची मला लाज वाटत नाही.

“मावशी, एवढ्या महागाच्या पर्सले सुई कायले टोचली?”

“बोडकी दिसे न साहेब,” बसंतीबाई म्हणाल्या. “लेकीनं पयल्यांदा एवढी मोठी वस्तू घेतली. कवड्या नाई तं शोभा कायची?”

राखीनं मान खाली घातली.

मी तिला सरळ सांगितलं, “बिल खरं आहे, कार्ड खरं आहे. पण चोरीला गेली ती पर्स तीच होती, हे कशावरून? नंबर आतल्या चामड्याच्या पट्टीवर असतो. ती पट्टी आणि या कवड्या एकाच फोटोत दिसल्या पाहिजेत. नाहीतर पर्स अस्सल होती हे सिद्ध झालं नाही, असं मला लिहावं लागेल. मग क्लेम तर जाईलच, वर खोटा दावा केल्याचा ठपका बसेल.”

“नाही सर, तसा फोटो नाही.”

फार लवकर बोलली. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मनात.

“कधी दुरुस्तीला दिली होती? शोरूमवाले ठेवून घेताना आतून-बाहेरून फोटो काढतात.”

ती आईकडे वळली. “याडी, तू खाली जाऊन चहा पिऊन ये.”

“तुह्यावर आळ येऊन राह्यला अन् मी चहा पिऊ?” बसंतीबाई खुर्चीत आणखीच घट्ट बसल्या.

माझा संयम सुटला. “राखी, रिपोर्ट आजच जाणार. असेल तर दाखवा, नाहीतर मी लिहायला घेतो.”

तिनं फोन हातात धरला, खाली ठेवला, परत उचलला. शेवटी शोरूमचा जुना मेल मला पाठवला. मी शोरूमला फोन लावला आणि मूळ फाइल त्यांच्याकडूनच थेट मागवून घेतली. उगाच पुढे कुणी बोट ठेवायला नको.

फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. पर्स टेबलावर उघडी पडलेली, आतली पट्टी बाहेर ओढलेली. मी एकेक आकडा कार्डाशी ताडून पाहिला. सगळे जुळले. आणि वर पट्ट्यावर त्याच कवड्या!

इतका आनंद झाला की मी मोठ्यानं बोलत सुटलो. “जुळला! आणि हे पाहा, इथं एक कवडी कापून बाजूला ठेवलीय. खाली चामड्याला सुईची भोकं आहेत. नंतरच्या फोटोत त्याच जागी जरा मोठी कवडी आहे. म्हणजे पर्स एकच! पक्का पुरावा!”

बसंतीबाई स्क्रीनजवळ सरकल्या होत्या. कवडीशेजारी कात्री पडली होती.

“कापली?”

सोबतच्या पावतीवर इंग्रजीत लिहिलं होतं, की ग्राहकाला सगळ्या कवड्या काढून हव्यात, पण भोकं उघडी पडत असल्यानं काम एकीवरच थांबवलं. मी फोटो घाईनं बंद केला. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

“तू तं मले म्हणे, गळाली,” बसंतीबाई लेकीला म्हणाल्या. “म्हणून मी दुसरी लावून देल्ली.”

“याडी, ऑफिसमध्ये सगळे विचारायचे गं, हे काय लावलंय म्हणून...” राखी रडायला लागली. मलाही फार वाईट वाटलं, पण रिपोर्टात ते लिहायला जागा नसते.

बसंतीबाईंनी मला विचारलं, “साहेब, पर्स खरीच निघाली न?”

“खरीच, मावशी. मी तसंच लिहितो.”

“बरं झालं. माही पोरगी खोटी नाई.”

त्या उठल्या. लेकीचे डोळे पदरानं पुसले आणि म्हणाल्या, “नवी घेशीन तं माह्या हाती देऊ नको, बाई. मले राहवत नाई.”